हसू नेमकं कशावर येतं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारात जालन्याचा एक छोटासा व्हिडिओ राज्यभर फिरला. माजी केंद्रीय मंत्री रावसाहेब दानवे आणि उमेदवार अर्जुन खोतकर फोटोसाठी उभे आहेत, तेवढ्यात एक कार्यकर्ता फोटोत येतो आणि दानवे त्याला पायानं बाजूला सारतात. दोन दिवस जिल्ह्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या लाथेची मीम्स होती. त्या कार्यकर्त्यानं नंतर सांगितलं, की आपली दानव्यांशी जुनी मैत्री आहे आणि आपण त्यांना शर्ट नीट करायला सांगत होतो. राजकारण बाजूला ठेवून या मीम्सकडे पाहिलं, तर त्यांतली बहुतेक एका कृतीवर हसत होती. कृती सत्तेत राहिलेल्या माणसाची होती आणि ती त्यानं स्वतः, कॅमेऱ्यासमोर केली होती. दानव्यांच्या जागी सडपातळ, उंच किंवा केसाळ कुणीही असतं, तरी विनोद तसाच राहिला असता.

शरीराची चेष्टा करणारं मीम जोखायचं असेल तर मी इथूनच सुरुवात करतो. चित्रातलं शरीर मनातल्या मनात बदलून पाहायचं. जाड्याला बारीक करायचं, काळ्याला गोरं, वाकड्या दाताला सरळ. त्यानंतरही हसू आलं, तर विनोदाचा रोख दुसऱ्या कशावर तरी आहे. काहीच उरलं नाही, तर त्या चित्रात एका माणसाच्या अंगाखेरीज दुसरा विषय नव्हता असं समजावं.

याच्या अगदी उलट उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. २१ फेब्रुवारी २०१७, मुंबई महापालिकेच्या मतदानाचा दिवस. लेखिका शोभा डे यांनी खूप जाड असलेल्या एका वर्दीतल्या पोलिसाचा फोटो ट्विटरवर टाकला आणि आज मुंबईत भारी पोलिस बंदोबस्त आहे, अशा अर्थाची ओळ खाली लिहिली. मुंबई पोलिसांनी त्याच दिवशी उत्तर दिलं, की शब्दांची गंमत आम्हालाही आवडते, पण इथे ती चुकली आहे. हा गणवेश आमचा नाही आणि हा अधिकारीही आमचा नाही. फोटोतला माणूस मध्य प्रदेशातल्या नीमच इथला पोलिस निरीक्षक निघाला. त्याचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं, इथे त्याची गरज नाही. त्याचं वजन होतं सुमारे १८० किलो. त्यानं वार्ताहरांना सांगितलं, की १९९३ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्यावर शरीरातलं इन्सुलिनचं गणित बिघडलं आणि वजन वाढत गेलं. बारीक व्हायला कुणाला आवडणार नाही, असंही तो म्हणाला.

आता या पोस्टमधून शरीर काढून पाहा. साध्या बांध्याचा एक पोलिस खुर्चीत बसलेला आहे आणि खाली तीच ओळ आहे. हसू येत नाही. मतदान, बंदोबस्त, पोलिसांचं काम, यांपैकी कशावरही तिथे टीका नव्हती. पोलिसांच्या तंदुरुस्तीबद्दल खरोखर प्रश्न विचारायचा असता, तर तो बारा-बारा तासांची ड्युटी, बंदोबस्तातलं अवेळी जेवण आणि वैद्यकीय तपासण्या यांवर विचारता आला असता आणि तो कडवट विनोदातूनही विचारता आला असता. इथे वर्दी एका जाड अंगावर हसायचं निमित्त ठरली. माणूस मुंबईचा नसल्यानं ते निमित्तसुद्धा खोटं होतं.

या प्रकरणाचा शेवट चांगला झाला. मुंबईतल्या सैफी रुग्णालयात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांनी त्या निरीक्षकावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया केली आणि वर्षभरात त्याचं वजन खूप उतरलं. त्यामुळे आजही काही जण म्हणतात, बघा, त्या ट्विटमुळे त्याचं भलंच झालं. हा युक्तिवाद मला मान्य नाही. पुढे डॉक्टर भेटला ही त्या डॉक्टरची माणुसकी. ट्विट टाकताना ना त्याचा आजार ठाऊक होता, ना त्याला मदत करायचा विचार होता. ज्यांचे फोटो असे फिरतात, त्यांतल्या जवळजवळ कुणालाच सैफीतून बोलावणं येत नाही. विनोद टाकला त्या क्षणी काय ठाऊक होतं आणि काय ठाऊक करून घेता आलं असतं, यावरच तो जोखायला हवा.

अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'अरे, गंमत केली.' ते वाक्य बहुतेकदा खरंही असतं. अडचण दुसरीकडे आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये चेष्टेवरच एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेष्टा करणाऱ्याला स्वतःचा चांगला हेतू इतका स्पष्ट दिसत असतो, की तो समोरच्यालाही दिसतोच असं त्याला वाटतं. समोरच्यापर्यंत मात्र शब्द पोहोचतात, हेतू पोहोचत नाही. म्हणून एकच चेष्टा करणाऱ्याला सौम्य वाटते आणि ती सोसणाऱ्याला झोंबते, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. समोरासमोर असताना निदान डोळ्यांतलं हसू, खांद्यावरचा हात, आवाजातला लाड असं काहीतरी जोडीला असतं. मीममध्ये तेही नसतं. फोटो आणि दोन ओळी तिसऱ्या ग्रुपवर गेल्या की बनवणारा कोण, त्याचं आणि फोटोतल्या माणसाचं नातं काय, हे कुणालाच कळत नाही. हेतूवरून निवाडा करणं इथे म्हणूनच अपुरं पडतं. मित्रांमधला खरोखर निरुपद्रवी विनोदसुद्धा ग्रुपबाहेर गेला की दुसराच होऊन बसतो.

यावर जाणते वाचक व्यंगचित्रांचा दाखला देतील आणि तो रास्त आहे. व्यंगचित्रकार नाक लांबवतो, पोट फुगवतो, कान ओढतो. आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे यांनी सगळ्या पिढ्यांतल्या पुढाऱ्यांचे नाकडोळे असे ताणले. पण चांगल्या व्यंगचित्रात लांबवलेलं नाक माणूस ओळखू यावा म्हणून असतं आणि हसू त्यानं घेतलेल्या निर्णयावर येतं. नाक साधं काढून खाली नाव लिहिलं, तरी विनोद चालतो. वर सांगितलेल्या कसोटीवर व्यंगचित्र उतरतं ते यामुळे.

महाराष्ट्राच्या राजकारणात मात्र एकाच माणसाच्या शरीरावर दोन वेगळ्या काळी झालेल्या चेष्टा शेजारी ठेवून पाहता येतात. बाळासाहेब ठाकरे सभांमधून शरद पवारांना 'मैद्याचं पोतं' म्हणत. हे शरीरावरच होतं, त्यात धोरणबिरण काही नव्हतं. माझी कसोटी लावली तर हा विनोद नापास होतो. तरीही पवारांना तो लागला असं कुणी म्हणत नाही. दोघं तोडीस तोड होते, दोघांकडे व्यासपीठ होतं, सभेत एकमेकांवर तुटून पडल्यावर घरोबा टिकून होता. २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेवर गेल्या तेव्हा ठाकऱ्यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. ज्याच्यावर विनोद झाला, त्याला तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर देता येत होतं. शिवाय चेष्टा सोसणारा चेष्टा करणाऱ्याला ओळखत होता.

दुसरी चेष्टा मे २०२२ मधली. अभिनेत्री केतकी चितळे यांनी पवारांवरची, दुसऱ्याच्या नावची एक पद्यवजा पोस्ट फेसबुकवर टाकली. त्यात राजकीय राग होता, पण त्याबरोबर वय, दात आणि गळणारी लाळ यांवरही चेष्टा होती. पवारांना २००४ च्या निवडणुकीच्या सुमारास तोंडाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रिया झाली, हे त्यांनी स्वतःच अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. तंबाखू-गुटख्याची सवय भोवली, हेही ते सांगतात. त्यांच्यासारख्या नेत्याला अशा पोस्टनं काय फरक पडणार, असं कुणी म्हणेल. एवढा मोठा माणूस उत्तर देऊ शकतो, हे मान्य.

पण मला काळजी वाटते ती पवारांची नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी मराठवाड्यात तो कसा आणि कुठे मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तोंड नीट न उघडणारे तरुण, जबड्याचं ऑपरेशन होऊन गाल आत गेलेले काका, बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून येणारी लाळ रुमालानं टिपणारे शिक्षक आपल्या गावागावांत आहेत. ऑपरेशननंतर ओठ आणि गालाची संवेदना कमी होते, स्नायू पूर्वीसारखे आवळत नाहीत, म्हणून लाळ आवरत नाही. यात त्यांचा काही दोष नसतो. पवारांच्या लाळेवरचं मीम बारामतीपर्यंत पोहोचो न पोहोचो, अंबड-मंठ्याच्या एखाद्या घरात नातू ते मोठ्यानं वाचून हसतो आणि पलंगावर बसलेले आजोबा रुमाल तोंडाला लावतात. 'मैद्याचं पोतं' हा शब्दही असाच ओसंडून शाळेच्या मैदानापर्यंत गेला. तिथल्या जाड पोराकडे ना व्यासपीठ होतं, ना ठाकऱ्यांशी मैत्री. पुढाऱ्याच्या शरीरावरचा विनोद पुढाऱ्यापाशी थांबत नाही. तसंच शरीर असलेल्या प्रत्येकाच्या अंगावरून तो जातो. निवाडा करताना फोटोतल्या माणसाइतकाच हा दुसरा माणूस विचारात घ्यायला हवा आणि नेमका तोच राहून जातो.

त्या पोस्टवरून केतकी चितळेंना अटक झाली, राज्यभर वीसहून अधिक गुन्हे नोंदले गेले आणि सुमारे ४० दिवस त्या कोठडीत होत्या. हे मला त्या पोस्टइतकंच खटकतं. विनोद दुखावणारा आहे का हा एक प्रश्न, आणि तो तुरुंगात टाकण्याजोगा आहे का हा सर्वस्वी दुसरा. दोन्हींची गल्लत झाली, की दुखावलेली साधी माणसं बाजूला राहतात आणि पोलिस ठाण्याची दारं फक्त मोठ्यांसाठी उघडतात. गावातल्या जाड मुलीच्या फोटोसाठी कुणी वीस गुन्हे नोंदवले नाहीत.

गावाकडे वळलं की प्रश्न आणखी अवघड होतो, कारण इथे मीमच्या आधीपासून टोपणनावं आहेत. लंगड्या, टकल्या, बुटक्या, काळ्या, ढोल्या. ज्याला ती लागलेली असतात तो स्वतःही त्या नावाला ओ देतो, हसतो, कधी स्टेटसवर स्वतःच लावतो. मग त्याच्या फोटोवर तेच नाव टाकून मीम केलं, तर बिघडलं काय? यासाठी आपल्याकडेच एक चोख कसोटी आहे, ती बाहेरून आणावी लागत नाही. सोयरिकीला पाहुणे येतात त्या दिवशी ते नाव कोणी घेतं का? बहुतेक मित्र घेत नाहीत. चहाचे ट्रे फिरताना अचानक सगळ्यांना त्याचं खरं नाव आठवतं. याचा अर्थ त्या नावाची किंमत काय आहे, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक आहे. ज्या मित्राला पाहुण्यांसमोरही बिनधास्त 'ए टकल्या' म्हणता येतं आणि तोही तुमच्या ढेरीवर तेवढंच बोलतो, तिथे मला काही आक्षेप दिसत नाही.

त्याचं हसणं हा मात्र पुरावा धरू नये. दहा जणांच्या ग्रुपमध्ये एकटा चिडला, तर 'याला गंमत कळत नाही' हे दुसरं मीम तयार असतं. म्हणून तो हसतो. खरं कळतं ते नंतरच्या वागण्यावरून. तो डीपी काढून टाकतो, लग्नातल्या फोटोत मागच्या रांगेत जातो, ग्रुप सोडत नाही पण त्यावर बोलेनासा होतो. मुली हळदी-कुंकवाचे, गॅदरिंगचे फोटो टाकायचं थांबवतात. जवळच्या माणसाला ही चिन्हं दिसतात, दिसली पाहिजेत.

सगळी शारीरिक वैशिष्ट्यं सारखीही नसतात. पन्नाशीतल्या नोकरदाराच्या टकलावरचा विनोद आणि चोविशीतल्या मुलीच्या काळ्या रंगावरचा विनोद यांत फरक आहे, आणि तो समाजानं केलेला आहे. लग्नाच्या बायोडाटात अजूनही 'गोरीपान' लिहिलं जातं. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत ही जालन्यातल्या कित्येक घरांची उघडी जखम आहे, त्यात तो बुटका किंवा सावळा असेल तर आणखी. ज्या वैशिष्ट्यासाठी माणसाला आधीच रोजच्या जगण्यात काहीतरी भोगावं लागतंय, त्यावरचा विनोद त्या भोगण्यात भर घालतो. टक्कल पडलेल्या पन्नाशीतल्या माणसाची सोयरीक मोडणार नसते, म्हणून त्याला हसणं परवडतं. चोविशीतल्या टकलू मुलाला मात्र परवडत नाही, कारण त्याच्यासाठी पाहुणे अजून यायचे आहेत.

मुलांच्या बाबतीत मी कोणतीही सूट द्यायला तयार नाही. मिनेसोटात मार्ला आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सुमारे पावणेपाच हजार किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलींपैकी सुमारे ३० टक्के आणि मुलग्यांपैकी सुमारे २५ टक्के जणांनी वजनावरून सोबत्यांची चेष्टा सोसली होती. चेष्टा सोसलेल्यांमध्ये नैराश्य आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार जास्त आढळले, आणि हे त्यांचं वजन प्रत्यक्षात किती आहे यावर अवलंबून नव्हतं. म्हणजे बारीक मुलाला जाड म्हटलं तरी तेच होत होतं. हा अभ्यास व्हॉट्सअॅपच्या आधीचा आहे. तेव्हा चेष्टा शाळा सुटली की काही तास तरी थांबत असे.

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत ६०० पैकी ५९१ गुण मिळवून एक मुलगी पहिली आली. तिचा फोटो बातम्यांत आला आणि तिच्या चेहऱ्यावरच्या केसांवरून देशभर मीम्स सुरू झाली. ती नंतर म्हणाली, की एक-दोन गुण कमी पडले असते तर बरं झालं असतं, इतकी प्रसिद्धी मिळाली नसती आणि हे सोसावं लागलं नसतं. मुलीला स्वतःचं यश नकोसं वाटावं, इतकं ते लागलं होतं. दहावी-बारावीचा निकाल लागला की जालन्यात क्लासवाले आणि शाळा चौकाचौकात मुलींचे मोठमोठे फोटो फ्लेक्सवर लावतात. त्या मुली आपणहून चव्हाट्यावर आलेल्या नसतात, अभ्यास करून आलेल्या असतात. अशा फ्लेक्सचा फोटो काढून त्यातल्या दातांवर, रंगावर, मिशीवर ओळ लिहिणाऱ्याला नेता-कार्यकर्त्याच्या मीमची ढाल घेता येत नाही. दानव्यांची लाथ हा सार्वजनिक माणसाचा सार्वजनिक वागणुकीतला क्षण होता. मुलीच्या ओठावरची लव तिनं केलेली कृती नाही.

अपंगत्वाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं ८ जुलै २०२४ च्या निकालात एक उपयोगी भेद केला आहे. 'आंख मिचोली' या हिंदी चित्रपटातल्या अपंग पात्रांविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी दाद मागितली होती. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला यांनी म्हटलं, की अपंगत्वावर विनोद करूच नये असं नाही. अपंग माणसाला हीन लेखणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाबद्दलच्या समाजाच्या खुळचट समजुतींना उघडं पाडणारा विनोद वेगळा. हा भेद जाड, काळ्या, बुटक्या, सगळ्या शरीरांना लागू करता येतो. व्हीलचेअरवरचा माणूस तहसीलच्या पायऱ्यांसमोर थांबला आहे आणि पायऱ्यांवर 'दिव्यांग कक्ष पहिला मजला' अशी पाटी आहे, असं मीम कुणी केलं, तर चित्रात अपंग शरीर आहे, पण हसू पायऱ्यांवर येतं. ते मीम मी स्वतः दहा ग्रुपांवर पाठवीन. त्याच माणसाच्या चालण्यावर गाणं जोडलेलं रील मात्र हीन लेखणारं. हे दुसरं मुद्दाम, चारचौघांत, अपमान करायच्या हेतूनं केलं असेल, तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९२ खाली तो गुन्हा ठरू शकतो आणि शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. जाडेपणा किंवा रंग यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

माणूस स्वतःच्याच शरीरावर विनोद करतो, त्याचंही थोडं पाहायला हवं. मराठी विनोदी कार्यक्रमांत जाड किंवा बुटके कलाकार स्वतःवर हशा घेतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी काय, किती आणि कुठे थांबायचं हे त्यांच्या हातात असतं. त्याच कलाकाराचा चेहरा कापून गावातल्या एखाद्या बाईच्या फोटोशेजारी 'ओळखा पाहू' म्हणून चिकटवला, की तो ताबा राहत नाही. त्या बाईनं काहीच मान्य केलेलं नसतं.

आपण टाकलेलं मीम चुकलं असं लक्षात आलं, तर काय करता येतं तेही सांगायला हवं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी खोडता येतो, पण ज्यांनी तो उतरवून घेतला किंवा पुढे ढकलला त्यांच्याकडे तो राहतोच. म्हणून खोडून गप्प बसणं पुरत नाही. ज्या ग्रुपवर टाकलं तिथेच, त्या माणसाचं नाव पुन्हा न घेता, 'तो फोटो काढला आहे, कुणी पुढे पाठवू नका' एवढं लिहावं. नाव घेऊन जाहीर माफी मागितली, तर ज्यांनी मीम पाहिलंच नव्हतं तेही शोधायला लागतात. माफी त्या माणसाला घरी जाऊन किंवा फोनवर मागावी. ग्रुप अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी खोडता येतो. गावातल्या ग्रुपचे अॅडमिन बहुधा सरपंचाचे कार्यकर्ते किंवा शाळेतले सर असतात. एखाद्या मुलीचा फोटो आला, तर तक्रारीची वाट न पाहता त्यांनी तो पहिल्या पाच मिनिटांत काढावा, कारण नंतर तो भोकरदनहून परतूरला पोहोचलेला असतो.